निशा पातोळ्या करते

निशा दहा वर्षांची आहे. ती गोव्यात राहते. तिचं घर म्हापशाजवळ एका गावात आहे. घरात आई, बाबा, आजी आणि भाऊ सोहम आहेत. सोहम सहा वर्षांचा आहे. तो खूप बोलतो आणि खूप खातो.

आज १५ ऑगस्ट आहे. बाहेर पाऊस पडतो आहे. बाबा बस चालवतात. आज शाळेला सुट्टी आहे, पण बसला सुट्टी नाही. बाबा सकाळी लवकर कामाला जातात आणि संध्याकाळी सात वाजता घरी येतात.

आज मामा येतो आहे. तो सावंतवाडीला राहतो. त्याची बस चार वाजता येते. मामाला पातोळ्या फार आवडतात.

पातोळी गोड असते. ती हळदीच्या पानात करतात. बाहेर तांदळाचं पीठ असतं, आत नारळ आणि गूळ असतो. पावसात हळदीची पानं मोठी आणि हिरवी असतात, म्हणून गोव्यात या दिवसांत खूप घरांत पातोळ्या करतात. निशाच्या घरी त्या नागपंचमीला असतात. शेजारी मारिया आंटी राहते. तिच्या घरी त्या १५ ऑगस्टला असतात, कारण आज सायबिणीचा, म्हणजे येशूच्या आईचा, सण आहे.

"आजी, आज पातोळ्या मी करते," निशा म्हणते. "तू फक्त बघ."

"बरं," आजी म्हणते. "मग आधी तांदूळ धू."

निशा दोन वाट्या तांदूळ घेते. ती ते तीन वेळा धुते आणि पाण्यात ठेवते. आता सकाळचे सात वाजतात. तांदूळ चार तास पाण्यात राहतात. तेवढ्या वेळात ते मऊ होतात.

आठ वाजता निशा आणि सोहम शाळेत जातात. शाळेत झेंडा वर जातो. मुलं गाणं म्हणतात. मग सगळ्यांना लाडू मिळतो. सोहमला एक लाडू मिळतो, पण तो निशाचा अर्धा लाडूपण खातो. दहा वाजता दोघं घरी येतात.

घराच्या मागे हळदीची दहा झाडं आहेत. निशा तिकडे जाते. आजी छत्री घेऊन तिच्या मागे येते.

"किती पानं हवीत?" निशा विचारते.

"दोन वाट्या तांदळाला चौदा पानं लागतात," आजी म्हणते. "पण एका झाडाची सगळी पानं घेऊ नको. दोन-तीनच घे. हळद जमिनीखाली असते. झाडाला पानं नसतात, तेव्हा खाली हळद मोठी होत नाही."

निशा प्रत्येक पान नीट बघते. भोक असलेलं पान ती घेत नाही, कारण भोकातून पीठ बाहेर येतं. चौदा चांगली पानं घेऊन ती घरात येते. ती पानं धुते आणि कापडाने पुसते. पानावर पाणी असतं, तेव्हा पीठ पानावर नीट बसत नाही. पानांचा वास छान आहे. आता सगळ्या घरात तोच वास आहे.

मग निशा गोड सारण करते. सारण म्हणजे पातोळीच्या आतला नारळ आणि गूळ. आई नारळ फोडते आणि खवते. निशा दोन वाट्या नारळ आणि एक वाटी गूळ भांड्यात घालते. ती गॅस लहान ठेवते आणि चमचा फिरवते. गूळ पातळ होतो. आधी भांड्यात पाणी दिसतं. दहा मिनिटं ती चमचा फिरवते. आता पाणी दिसत नाही. ती लगेच गॅस बंद करते, कारण जास्त वेळ गॅसवर सारण कडक होतं. शेवटी ती थोडी वेलची घालते.

सोहम चमचा घेऊन येतो.

"गरम आहे!" निशा म्हणते.

"मला गरम आवडतं," सोहम म्हणतो आणि एक चमचा सारण खातो. मग दुसरा चमचा खातो. आई भांडं वर ठेवते.

अकरा वाजता निशा तांदूळ मिक्सरमध्ये घालते. ती थोडं मीठ घालते. मग ती पाणी घालते. अर्धी वाटी नाही, एक वाटी नाही, दीड वाटी! आजी बघते, पण बोलत नाही. मिक्सर मोठा आवाज करतो.

निशा पीठ भांड्यात काढते. ती एक पान घेते आणि त्यावर पीठ घालते. पीठ पानावर राहत नाही. ते पानावरून खाली येतं आणि टेबलावर पडतं. निशा दुसरं पान घेते. पुन्हा तेच होतं.

"आजी, हे पीठ खाली का पडतं?"

"त्यात पाणी जास्त आहे," आजी म्हणते. "तांदूळ चार तास पाण्यात असतात, म्हणून त्यांच्यात आधीच पाणी असतं. मिक्सरमध्ये आधी अर्धी वाटीच पाणी घालतात. मग एक-एक चमचा. पिठात बोट घाल. काय दिसतं?"

निशा पिठात बोट घालते आणि बाहेर काढते. बोट जवळजवळ स्वच्छ आहे.

"चांगलं पीठ बोटावर राहतं," आजी म्हणते. "हे राहत नाही."

निशाच्या डोळ्यांत पाणी येतं. मामाची बस चार वाजता आहे. पुन्हा तांदूळ धुवायला आणि चार तास थांबायला वेळ नाही.

"रडतेस कशाला?" आजी म्हणते. "पीठ वीस मिनिटं तसंच ठेव. हात लावू नको."

निशा थांबते. ती घड्याळ बघते, मग पीठ बघते. वीस मिनिटांनी तांदूळ खाली आहे आणि पाणी वर आहे! ती चमच्याने वरचं पाणी हळूहळू काढते. एक, दोन, तीन, चार, पाच चमचे. आता पीठ बरं आहे, पण अजून थोडं पातळ आहे.

"आता यात तांदळाचं कोरडं पीठ घाल," आजी म्हणते. "अर्धी वाटी पुरे."

आई डबा उघडते. डब्यात पीठ नाही. आज दुकान बंद आहे.

निशा वाटी घेते, छत्री घेते आणि मारिया आंटीकडे जाते. आंटी दारात उभी आहे. तिच्या हातात हळदीची पानं आहेत. तीपण खूश दिसत नाही.

"ये बाय, ये," आंटी म्हणते. "काय पाहिजे?"

"आंटी, अर्धी वाटी तांदळाचं पीठ आहे?"

"पीठ आहे. पण ही पानं बघ." आंटी एक पान वर धरते. पानात पाच-सहा भोकं आहेत. "सगळी अशीच आहेत. किडे खातात. आता मी पातोळ्या कशा करते?"

"आमची पानं चांगली आहेत!" निशा म्हणते. "तुला किती हवीत?"

"दहा."

निशा लगेच घरी जाते. ती पुन्हा झाडं बघते. प्रत्येक झाडाला अजून खूप पानं आहेत. ती प्रत्येक झाडाचं एकच पान घेते. दहा झाडं, दहा पानं. ती पानं आंटीला देते. आंटी तिला एक वाटी पीठ देते.

"अर्धी पुरे, आंटी."

"घे गो. जास्त असू दे."

घरी निशा अर्धी वाटी पीठ घालते आणि नीट मिसळते. दहा मिनिटं थांबते. मग बोट घालते. आता बोट पांढरं आहे. पीठ बोटावर राहतं!

निशा टेबलावर पान ठेवते. ती बोटांनी पानावर पीठ पसरते. पीठ फार जाड नको, कारण जाड पातोळी आत कच्ची राहते. पानाच्या कडेला ती थोडी जागा सोडते. पानाच्या एका बाजूला, मध्ये, ती दोन चमचे सारण ठेवते. मग पान लांब बाजूने बंद करते आणि कडा हळूच दाबते.

दोन पातोळ्यांमध्ये सारण खूप आहे. ते बाहेर येतं. बाहेरचं सारण सोहम खातो. त्याला हे काम फार आवडतं.

गॅसवर मोठं भांडं आहे. त्यात खाली पाणी आहे आणि वर जाळी आहे. निशा जाळीवर पातोळ्या ठेवत नाही. ती आधी वाट बघते. पाणी उकळतं, भरपूर वाफ येते, तेव्हा ती सात पातोळ्या जाळीवर ठेवते. आजी झाकणाला कापड बांधते. कापड वरचं पाणी घेतं, म्हणून ते पातोळ्यांवर पडत नाही. पंधरा मिनिटांनी आई त्या बाहेर काढते. मग दुसऱ्या सात पातोळ्या आत जातात. त्याआधी आई भांड्यात थोडं गरम पाणी घालते.

पानांचा रंग आता गडद आहे. सोहम एक पातोळी घेतो आणि पान ओढतो. पातोळीचे दोन तुकडे होतात. अर्धी पानावर राहते, अर्धी हातात येते.

"पाच मिनिटं थांब ना!" निशा म्हणते. "गरम पातोळी पानाला चिकटते."

सोहम थांबत नाही. तो दोन्ही तुकडे खातो.

चार वाजता मामा येतो. त्याचे कपडे ओले आहेत, पण तो दारातच हसतो. "हळदीच्या पानांचा वास रस्त्यावर येतो आहे!"

निशा त्याला दोन पातोळ्या देते. तेवढ्यात मारिया आंटी येते. तिच्या ताटातपण पातोळ्या आहेत. निशाच्या पातोळीत पिवळं सारण आहे. आंटीच्या पातोळीत काळं सारण आहे, कारण आंटी माडाचा काळा गूळ घालते. मामा पिवळी खातो, मग काळी खातो, मग पुन्हा पिवळी खातो.

"कुठली चांगली?" निशा विचारते.

मामाच्या तोंडात पातोळी आहे. तो बोलत नाही. तो ताट पुढे करतो आणि अजून एक मागतो.

सगळे खातात. आंटी पाच पातोळ्या घरी नेते. आता ताटात दोनच पातोळ्या आहेत, एक पिवळी आणि एक काळी. आजी त्या डब्यात ठेवते आणि डबा कपाटावर ठेवते.

"या बाबांच्या आहेत," ती म्हणते. "बाबा सात वाजता येतात."

कपाट उंच आहे. सोहम डबा बघतो, घड्याळ बघतो आणि खुर्ची आणायला जातो.