विषय: प्रिलिम केमिस्ट्री, प्रश्न 29, एका मायनसपायी गेलेले साडेतीन मार्क

नमस्कार मॅडम,

मी सायली, बारावी सायन्स बी, रोल नंबर 47. ऑगस्टमध्ये टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटचा नॉब तोडला होता तीच. परवा तुम्ही पेपर दाखवलेत तेव्हा वर्गातच विचारणार होते, पण तुमच्या टेबलाभोवती एवढी गर्दी झाली की माझा नंबर येईपर्यंत बेल वाजली आणि पेपर परत गोळा झाले. शिवाय दहा जणांसमोर मार्कांसाठी हुज्जत घालतेय असं वाटलं असतं, म्हणून लिहितेय. थोडं लांबलंय, आधीच सॉरी.

माझा मुद्दा प्रश्न 29 चा आहे, सेक्शन डी मधला, मेथॅनॉलचा. चार मार्कांपैकी मला अर्धा मिळालाय.

चूक माझीच आहे हे पहिल्यांदा सांगते, त्याबद्दल वादच नाही. मायनसभोवती तुम्ही लाल पेनाने गोल केलाय आणि शेजारी "साइन??" लिहिलंय ते बरोबरच आहे. पण त्या गोलापासून जी उभी रेघ निघालीये ती थेट पानाच्या तळापर्यंत गेलीये आणि खालचं सगळं तिच्यात गेलंय. मला बोलायचंय ते त्या रेघेबद्दल.

प्रश्नात तीन गोष्टी दिल्या होत्या, मेथॅनॉल जळताना −726 किलोज्यूल, कार्बन जळून CO2 होताना −393 आणि हायड्रोजनपासून पाणी होताना −286, आणि (अ) मध्ये मेथॅनॉलची फॉर्मेशन एन्थाल्पी काढायची होती, दोन मार्क. (ब) मध्ये त्याच रिअ‍ॅक्शनसाठी 298 केल्व्हिनला ΔU, तेही दोन मार्क.

आता माझा पेपर कृपया एकदा उघडून बघा, पान 14 चा खालचा भाग. तिथे मी मेथॅनॉलचं समीकरण उलटं करून लिहिलंय आणि त्याच्या पुढे ΔH = +726 असं स्पष्ट प्लस काढून लिहिलंय. पाण्याच्या समीकरणाला 2 ने गुणलंय, −572. कार्बनचं आहे तसंच ठेवलंय. म्हणजे कुठलं उलटं करायचं, कशाला कितीने गुणायचं आणि उलटं केलं की साइन बदलते, हे तिन्ही तिथे आहे. मग पान संपलं. पान उलटून 15 वर मी बेरीज लिहिली आणि ती लिहिताना आकडे स्वतःच्या ओळीतून न घेता प्रश्नपत्रिकेतून घेतले, कारण ती समोर होती आणि माझी ओळ पानामागे गेली होती. प्रश्नपत्रिकेत अर्थातच −726 छापलेलं. झालं.

−393 − 572 − 726 = −1691

व्हायला हवं होतं ते असं,

−393 − 572 + 726 = −239

मला चूक घरी गेल्यावर सापडली आणि ती पण पप्पांमुळे. पप्पांचं किराणा दुकान आहे, केमिस्ट्रीशी त्यांचा संबंध खायच्या सोड्यापुरता. मी तणतणत होते तर त्यांनी विचारलं, किती आलं आणि किती यायला पाहिजे होतं. सांगितलं. ते म्हणाले दोन्हीतला फरक काढ आणि निम्मा कर. फरक 1452, निम्मे 726. म्हणाले, ही रक्कम कुठेतरी जमेच्या ऐवजी नावे पडलीये, खतावणीत अशीच चूक शोधतात, जमा नावे उलटं झालं की फरक बरोबर दुपटीचा येतो. दोन मिनिटांत. मी अर्धा तास पान उलटसुलट करत बसले होते.

आणि खरं सांगू का, मला परीक्षेतच शंका यायला हवी होती. कार्बन आणि हायड्रोजन सरळ जाळले तर सगळे मिळून 393 अधिक 572 म्हणजे 965 किलोज्यूल बाहेर पडतात. वाटेत मेथॅनॉल बनवून मग ते जाळलं तरी शेवटी तोच CO2 आणि तेच पाणी, म्हणजे एकूण 965 च यायला पाहिजे, तुम्ही फळ्यावर दोन वाटांचा त्रिकोण काढून हेच शिकवलं होतं. माझं उत्तर खरं धरलं तर नुसतं मेथॅनॉल बनतानाच 1691 सुटले आणि वर जाळताना अजून 726! असं असतं तर गॅस सिलिंडर कुणी आणलाच नसता. हा पडताळा करायला एक मिनिट लागलं असतं, पण मी ते मिनिट सेक्शन सी मधल्या डायग्रामला पेन्सिलने शेडिंग करण्यात घालवलं. त्यामुळे (अ) चे उत्तराचे मार्क गेले ते जाऊ देत. फक्त पान 14 वरच्या कामाचं काहीतरी मिळावं असं वाटतं. अर्धा दिलाय तो बहुतेक तीन समीकरणं उतरवल्याचा असेल, पण उलटं करून प्लस लिहिणं हाच तर त्या प्रश्नाचा गाभा होता ना, आणि ते तिथे आहे.

तुम्ही म्हणता की थर्मोमध्ये साइन म्हणजेच कन्सेप्ट, ते पटतं. ज्याला उलटं केल्यावर साइन बदलते हेच माहीत नाही त्याचे पूर्ण मार्क कापायलाच पाहिजेत. पण माझ्या बाबतीत आधीच्याच पानावर बरोबर साइन आहे, ती पुढच्या पानावर उतरवताना हरवली. या दोन्ही चुकांना सारखीच शिक्षा नको एवढंच म्हणणं आहे. (साइनचा आमचा गोंधळ तसा वर्षभर चालूच असतो. फिजिक्सला सर शिकवतात की सिस्टिमने केलेलं काम प्लस, ΔU = Q − W, आणि पुढच्याच तासाला तुम्ही येऊन तेच काम मायनस करता, ΔU = q + w. दोन्ही बरोबर आहे हे कळायला मला दिवाळी उजाडली. ही सबब नाही, आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.)

आता (ब) बद्दल, आणि इथे मात्र मला खरंच वाईट वाटलं.

(ब) मध्ये मला शून्य आहे. तिथे मी ΔU = ΔH − ΔnRT हा फॉर्म्युला लिहिलाय. Δn काढलाय. मेथॅनॉल लिक्विड, कार्बन सॉलिड, म्हणून ते धरायचे नाहीत, गॅस फक्त दोन मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन, दोन्ही डावीकडे, म्हणून Δn = −2.5. वर्गात निम्म्या मुलांनी इथे मेथॅनॉल पण मोजलंय आणि −1.5 काढलंय, मी नाही मोजलं. मग 8.314 गुणिले 298 गुणिले 2.5, हा गुणाकार मार्जिनमध्ये हाताने केलाय, लॉग टेबल न उघडता, 6193.9 ज्यूल, आणि त्याला 1000 ने भागून 6.19 किलोज्यूल केलंय, म्हणजे युनिट पण सांभाळलंय. मायनस मायनस प्लस हेही बरोबर केलंय. शेवटी,

−1691 + 6.19 = −1684.81

बरोबर उत्तर −239 + 6.19 = −232.81 आहे. म्हणजे (ब) मध्ये मी एकही नवीन चूक केलेली नाही, जुनीच चूक वरून खाली गळत आलीये. तिचे मार्क (अ) मध्ये एकदा कापून झालेत, मग (ब) मध्ये परत का कापायचे? माझी विनंती अशी की (ब) तपासताना माझाच −1691 धरून पुढची स्टेप बरोबर आहे का एवढं बघावं. Δn आणि युनिट, या प्रश्नात फसायच्या जागा या दोनच होत्या, आणि मी दोन्हीकडे फसले नाहीये.

मागायचं तर स्पष्ट मागते. (अ) मध्ये अर्ध्याऐवजी एक आणि (ब) मध्ये दोन. म्हणजे अडीच वाढतील, 48½ चे 51 होतील. तुम्हाला (ब) मध्ये अंतिम उत्तराचा अर्धा कापावासा वाटला तरी मी परत येणार नाही, प्रॉमिस.

प्रिलिमचे मार्क बोर्डात धरत नाहीत हे माहितीये. पण रविवारच्या जादा बॅचला 50 ची अट आहे आणि मला त्या बॅचला यायचंय, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि बोर्डाच्या पेपरला अशी चूक झाली तर खालचं सगळं सोडून द्यायचं की चुकीचाच आकडा घेऊन पुढे जायचं, हेही कळलं पाहिजे. परवापासून माझं असं झालंय की मोठ्या न्यूमेरिकलला हात लावतानाच भीती वाटते, वर कुठे चुकलं असेल तर खालची मेहनत फुकट.

अजून एक. प्रश्न 12 मध्ये मला दोनपैकी दोन आहेत, पण तिथे मी फर्स्ट ऑर्डरच्या रेट कॉन्स्टंटचं युनिट mol L⁻¹ s⁻¹ लिहिलंय, नुसतं s⁻¹ पाहिजे. पेपर बघताना दिसलं होतं आणि गप्प बसले होते. आता साइनच्या मार्कांसाठी पत्र लिहायचं आणि हे दाबून ठेवायचं हे काही बरं दिसत नाही, तेव्हा तिथला अर्धा कापायचा असेल तर कापा. (स्नेहलला सांगितलं तर ती म्हणाली तू येडी आहेस. असेन.)

मॅडम, शुक्रवारी मोठ्या सुट्टीत स्टाफरूमला आले तर चालेल का? तुमचा तेव्हा लॅबचा तास असेल तर कॉलेज सुटल्यावर थांबते, माझी एसटी सव्वापाचची आहे. पेपर तुमच्याकडेच आहे, फक्त 14 आणि 15 ही दोन पानं शेजारी शेजारी धरून बघितलीत तरी बास. पुरवणी मध्ये टाचलीये, त्यामुळे 14 पाठमोरं राहतं, टाचणी काढावी लागेल.

उद्या संक्रांत आहे, आईने तिळाच्या वड्या केल्यात, शुक्रवारी घेऊन येते. मार्क वाढले नाहीत तरी आणणारच आहे, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

तुमची विद्यार्थिनी,
सायली
बारावी सायन्स बी, रोल नंबर 47
13 जानेवारी