खासगी वैमानिक परवान्याच्या प्रशिक्षणाबाबत चौकशी

देवपूर, धुळे
दि. 18 जानेवारी 2026

प्रति,
मा. मुख्य उड्डाण प्रशिक्षक,
द बॉम्बे फ्लाइंग क्लब, धुळे केंद्र,
गोंदूर विमानतळ, धुळे

विषय : फक्त खासगी वैमानिक परवान्यासाठी (पीपीएल) प्रवेश मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी अकरावी कॉमर्सला आहे. मला सोळा वर्षं पूर्ण झाली असून येत्या ऑगस्टमध्ये सतरावं पूर्ण होईल. आम्ही देवपुरात राहतो, त्यामुळे तुमची विमानं लहानपणापासून डोक्यावरून जाताना बघत आले आहे. हल्ली सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकलने गोंदूरला येते आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उभी राहते. मागच्या रविवारी एक सेस्ना उतरता उतरता धावपट्टीच्या अगदी जवळ आली, पण वाऱ्याने पंख कलला आणि चाकं न टेकताच ती पुन्हा वर गेली. एक फेरी मारून आली आणि मग अलगद उतरली. त्या मधल्या दोन-चार सेकंदांत आतल्या विद्यार्थ्याने काय केलं असेल, हात-पाय कुठे असतील, हाच विचार दिवसभर डोक्यात होता. मला ते शिकायचं आहे.

मला एअरलाइनमध्ये नोकरी करायची नाही. पुढे सीए करायचा विचार आहे. म्हणून दोनशे तासांचा कमर्शिअल कोर्स नको, पीपीएल हवा आहे. तुमच्याकडे बहुतेक मुलं सीपीएललाच येतात असं कळलं. फक्त पीपीएलसाठी प्रवेश देता का, हा माझा पहिला प्रश्न. पप्पांनीही विचारलं, "नोकरी नाही तर मग एवढा खर्च कशाला?" मी त्यांना जे. आर. डी. टाटांचं उदाहरण दिलं. तुमच्याच क्लबमध्ये शिकून 1929 साली त्यांनी परवाना घेतला, तोही पोटासाठी नव्हता. पप्पांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. ते म्हणाले, आधी नीट चौकशी कर, आकडे घेऊन ये, मग बोलू.

नियमांबद्दल वाचलं ते असं : सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळतो, पीपीएलला सतरा वर्षं आणि दहावी पास लागतं. एकूण किमान 40 तास उड्डाण, त्यात 20 तास एकटीने. त्यातले 5 तास क्रॉस-कंट्री, आणि त्यात एक उड्डाण 150 नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. मी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. धुळे–जळगाव–छत्रपती संभाजीनगर–धुळे असा त्रिकोण सरळ रेषेत साधारण 340 किलोमीटर भरतो, म्हणजे 150 नॉटिकल मैलांपेक्षा बराच जास्त. तुमचे विद्यार्थी याच मार्गाने जातात का?

खर्चाचं सविस्तर कळवावं, ही विनंती. प्रशिक्षकासोबतच्या आणि एकटीने केलेल्या तासाचा दर वेगळा असतो का? इंधन, लँडिंग आणि परीक्षांची फी त्यातच धरलेली असते का? सगळे पैसे एकदम भरणं आम्हाला जमणार नाही. दर महिन्याला चार-पाच तास उडून तेवढेच पैसे भरले तर चालेल का? आणि इतकी लांबण लागली तर हात बसत नाही, शेवटी तासच वाढतात, असं होतं का? तसं असेल तर मी आधी पैसे साठवून मग सलग शिकेन. हे स्पष्ट सांगितलंत तर फार मदत होईल.

परीक्षा संपल्यावर एप्रिल-मे मोकळे आहेत. पण खानदेशातलं ऊन तुम्हाला माहीत आहेच. तापलेल्या हवेत विमानाला उचल कमी मिळते, असं वाचलं. मेमध्ये फक्त सकाळी उडवता का? पावसाळ्यात किती दिवस वाया जातात?

मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना सव्वादोन. चष्म्यासह क्लास 2 मेडिकल होतं, असं समजलं. त्यासाठीचे मान्यताप्राप्त डॉक्टर धुळ्याच्या जवळ कुठे आहेत? एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचे वर्ग धुळ्यातच होतात का? इंग्रजी वाचायला अडचण नाही. रेडिओवर बोलायचा सराव मात्र करावा लागेल, तो वर्गात करून घेता का?

शेवटचा प्रश्न पप्पांचा आहे, पण मलाही तो महत्त्वाचा वाटतो. परवाना मिळाल्यावर आमच्याकडे विमान नसणार. क्लबचं विमान सभासदाला तासावर मिळतं का, आणि परवाना चालू राहण्यासाठी अधूनमधून किती उडावं लागतं?

पप्पांना दुकान रविवारीच बंद ठेवता येतं. एखाद्या रविवारी अर्धा तास दिलात तर आम्ही दोघं येऊन भेटू आणि विमान जवळून बघू. सोबत आमचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे. पालकांची संमती म्हणून पप्पांनी खाली सही केली आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
ऋतुजा संजय पाटील

पालक : संजय पाटील