शृंगारतळीचे फ्रीजवाले दादा: सांगितलेल्या वेळेला येतात आणि आजार मुळापासून काढतात

वेळणेश्वरला आमची घरगुती खानावळ आहे. मे महिना म्हणजे आमच्या डीप फ्रीजरवर वर्षाचा भार. हापूसचा रस पिशव्या भरून ठेवलेला, खवलेलं खोबरं, फणसाचे गरे, सगळं त्यातच. नेमकं तेव्हाच त्याने थंड करणं सोडलं. आधीच्या मेकॅनिकने गॅस भरून दिला होता, तो महिनाभरही टिकला नव्हता. शेजारच्या आजींनी या दादांचा नंबर दिला.

संध्याकाळी फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं ते, "वहिनी, फ्रीजर भरलेला आहे की अर्धा?" भरलेला म्हटल्यावर म्हणाले, "मग झाकण अजिबात उघडू नका. वरून दोन जाड गोधड्या टाका. बंद राहिला तर रात्रभर माल हलत नाही. मी सकाळी साडेसातला येतो." खर्च तीन ते साडेतीन हजारांपर्यंत जाईल, हेही तेव्हाच सांगितलं. सकाळी साडेसातला गाडी दारात होती. आमच्याकडे "येतो" म्हणणारा माणूस त्याच दिवशी आला तरी आपण खूश असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आल्या आल्या गॅसचं नाव काढलं नाही. मीटर लावून आधी व्होल्टेज बघितलं, मग कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर नीट चालत होता. म्हणाले, "गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर पडतोय. ती जागा सापडल्याशिवाय भरला तर तुमचे पैसे वाया." नळीत नायट्रोजनचं प्रेशर भरलं आणि ब्रशने साबणाचा फेस एकेका जोडाला लावत गेले. बराच वेळ काहीच दिसेना. शेवटी मागच्या बाजूला, अगदी खाली, गंजलेल्या नळीच्या जोडावर एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मला हाक मारून टॉर्चच्या उजेडात दाखवला. इतके दिवस आमचे पैसे जिथून उडून जात होते ती जागा टाचणीच्या टोकाएवढी!

समुद्राकडचा खारा वारा नळ्या अशा खालून खातो, असं त्यांनी समजावलं. गंजलेला तुकडा कापून नवी नळी जोडली, फिल्टर बदलला, व्हॅक्यूम पंप लावला. पंप चालू असताना सासूबाईंनी कोकम सरबत दिलं तेव्हा कुठे ते पाच मिनिटं टेकले. मी म्हटलं, "झालं ना आता, भरा गॅस." तर म्हणाले, "आत हवा, ओल राहिली तर पुन्हा बोंब. पंपाला त्याचा वेळ घेऊ दे." नंतर फ्रीजरच्या मागच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरला. नव्या जोडाला गंज न धरणारा रंगही लावला.

बिल ३,२०० रुपये, कागदावर लिहून. काढलेला फिल्टर आणि नळीचा तुकडा मला दाखवून मग पिशवीत टाकला. रसाची एकही पिशवी खराब झाली नाही.

जाताना फ्रीजर पडवीतून आतल्या खोलीत घ्यायला लावला, आणि भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा म्हणाले. दोघांनी मिळून ढकलत नेला. ते काम त्यांचं नव्हतं. स्वयंपाकघरातला आमचा नवा फ्रीजही सहज बघितला. त्यात R600a गॅस आहे, तो पेट घेतो, तेव्हा त्याचं काम कधी निघालं तर घरात गॅसची शेगडी चालू असताना कुणालाही करू देऊ नका, असं बजावून गेले. त्याचे काही पैसे घेतले नाहीत.

चार-पाच दिवसांनी त्यांचाच फोन, "बर्फ सगळीकडे सारखा धरतोय ना?" पुढे ऐन पावसात, वीज सारखी ये-जा करत असताना स्टॅबिलायझर बिघडला. झाड पडून रस्ता बंद होता, म्हणून "आज जमणार नाही, उद्या दुपारी" असं सकाळीच कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भिजत आले. मला याचंच जास्त कौतुक वाटतं. येता येत नसेल तर तसं आधी सांगणारा माणूस असला की आपल्याला आपली सोय बघता येते. आता सासूबाई त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

गुहागर तालुक्यात कुणाला लागलं तर बिनधास्त बोलवा. आमच्या किनाऱ्याला रेंज नसते, म्हणून फोन लागला नाही तर मेसेज टाका. रात्री उशिरा का होईना, उत्तर येतं. सोबत फ्रीजच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवा, म्हणजे लागणारा गॅस आणि फिल्टर ते घेऊनच निघतात आणि दुसरी खेप पडत नाही.