'वाढं'च्या पहिल्या भागाविषयी

पुणे, 12 जून 2024

प्रिय संतोष,

ऊसतोड मजुरांवरच्या तुमच्या 'वाढं' या कादंबरीचं हस्तलिखित दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या 94 पानांशीच अडून बसले, म्हणून हे पत्र फक्त तेवढ्यापुरतं.

ट्रक भरण्याचा प्रसंग कुणी कापायला सांगितला तर ऐकू नका. पत्र्याच्या पेट्या, शेळी, वर ताडपत्री आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं हे तुम्ही बघून लिहिलंय, ऐकून नव्हे. राहायला कोपी उभारतानाची रुक्मिण आणि भागवतची धुसफूसही तशीच.

आता अडचण. वाचताना मी समासात पेन्सिलीनं 'कशासाठी?' असं लिहीत जाते. ते या भागात सतरा वेळा आलंय, आणि त्यातले तेरा रुक्मिणच्या नावासमोर. ती सोसते, राबते, गप्प बसते, सगळं दिसतं. पण तिला हवंय काय? पान 23 वर वाटतं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडून पुढच्या दसऱ्याला गावातच राहावं. पान 47 वर ती भागवतकडे अशी बघते की हिला याच्यापासूनच सुटायचंय असं वाटावं. आणि पान 61 वर बाजरीच्या पोत्यासाठी जागा नसताना ती सोनीचं दप्तर भांड्यांच्या मधे कोंबते. तिथे मी थांबले. सासूनं सोनीसाठी स्थळ बघायला सुरुवात केलेली आहे, पोरगी आठवीत आहे, आणि ही बाई धान्य मागे ठेवून दप्तर घेते! कादंबरी इथे आहे असं मला वाटलं. तुम्ही मात्र ती एका वाक्यात उरकून पुन्हा दुष्काळाकडे वळलात.

निवड तुमची. तिला नवऱ्यापासून सुटायचं असेल तर तसं लिहा. पण मग दप्तराचं वाक्य काढा, ते वाचकाला भलतीकडे नेतं.

दुसरी गोष्ट पणाला काय लागलंय याची. उचलीला तुम्ही तीन ठिकाणी 'मोठी रक्कम' म्हटलंय. मुकादम असं कधी बोलेल का? त्याच्या वहीत आकडा असतो, आणि तो आकडा रुक्मिणला पाठ असतो. समजा, जोडीची उचल 1 लाख 20 हजार ठरली, त्यातले 35 हजार गेल्या हंगामाची बाकी म्हणून कापले, हातात आले 85. हे दसऱ्याच्या प्रसंगात चार ओळींत येऊ द्या. पुढे तिनं तोडलेली प्रत्येक मोळी वाचक त्या आकड्यातून वजा करत जाईल. तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मग या दोन गोष्टी एकमेकींवर आदळू द्या. सोनीला हंगामी वसतिगृहात ठेवायचं तर गावात तिच्यासाठी कुणीतरी भांडायला हवं, सासू तर भांडणार नाही. रुक्मिण मागे राहिली तर जोडी मोडून भागवत एकटा, अर्धा कोयता होतो, मग मुकादम उचल परत मागणार. सोनीला सोबत नेलं तर तिची शाळा बुडते. रुक्मिण शिक्षकांना भेटायला एक दिवस परत गेली तरी खाडा लागून पैसे कापले जातात. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे; खाड्याचा उल्लेख तुमच्याच पान 80 वर आहे. फक्त तिथे तो माहिती म्हणून आलाय, रुक्मिणच्या वाटेत आडवा आलेला नाही.

पान 9 ते 22 मधला दुष्काळाचा इतिहास दोन पानांवर आणा. 2018 साली पाऊस नव्हता हे कोरड्या हौदापाशी उभ्या असलेल्या शेळीवरून कळतं. ती शेळी तुमच्याकडे पान 10 वर आहेच. शेवटच्या तीन प्रकरणांना आत्ता हात लावू नका, पहिला भाग बसला की त्यातलं बरंच आपोआप गळेल.

एक भीती बोलून ठेवते. हे वाचून तुम्ही रुक्मिणच्या तोंडी 'माझ्या लेकीला शिकवायचंच' असा संवाद घालाल. घालू नका. ती ज्या घरात राहते तिथे ही गोष्ट बोलून दाखवणं परवडणारं नाही. उलट तिनं ती लपवावी. भागवतनं दप्तर उघडून 'हे कशाला आणलं?' म्हणावं आणि तिनं 'चुलीला कागद लागतो' असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. मला तर हा प्रसंग कोपीतल्या पहिल्याच रात्री हवाय.

सगळं पुन्हा लिहून पाठवू नका. आधी दोनच प्रसंग पाठवा, दसऱ्याचा हिशेब आणि ट्रकमधलं दप्तर. जुलै अखेरपर्यंत आले तर बरं, ऑगस्टपासून मी दिवाळी अंकाच्या कामात बुडालेली असेन. फोन दुपारी तीननंतर करा, सकाळी मी उचलत नाही.

तुमची,
माधुरी

ता.क. 'वाढं' हे नाव मला आवडलंय. पण वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधून विकणं आणि त्यातून सुटणारे मिठामिरचीचे पैसे पहिल्यांदा पान 112 वर येतात. त्यातलेच चार पैसे रुक्मिण बाजूला ठेवत असेल का?