टीईटी पेपर १ गाईड, २०२५ ची आवृत्ती, मराठी माध्यम, उत्तरसूचीसकट (वापरलेलं)

महाराष्ट्र टीईटीचा पेपर १ म्हणजे पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांचा, त्याचंच हे गाईड आहे. सहावी ते आठवीवाल्यांनी घेऊ नका, पेपर २ चं गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यात काहीच नाही.

आवृत्ती २०२५ ची आहे, पण उन्हाळ्यात छापलेली. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ चा पेपर सोडवून दिलाय, नोव्हेंबर २०२५ चा नाहीये, तो वेगळा मिळवा. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल असा जो निकाल दिला तोही पात्रतेच्या पानावर नाही, पण सिलॅबस तोच असल्यामुळे नोकरी करत अभ्यास करणाऱ्या सर-मॅडमना पण चालेल.

पाचही विषय आहेत, बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० मार्क, एकूण १५०. सगळ्यात भारी भाग बालमानसशास्त्र, पियाजे, व्हायगॉट्स्की, कोहलबर्ग नुसती नावं-व्याख्या नाहीत तर वर्गातला प्रसंग देऊन प्रश्न विचारलेत आणि पेपरात असेच येतात. गणित पण चांगलंय. परिसर अभ्यास मात्र उरकलाय असं स्पष्ट सांगते, त्यासाठी तिसरी ते पाचवीची शाळेची पुस्तकं सोबत ठेवाच. मराठी व्याकरण ठीकठाक, उताऱ्यांचा सराव भरपूर.

माध्यम पूर्ण मराठी, भाषा २ चा इंग्रजी विभाग तेवढा इंग्रजीत. उर्दू किंवा हिंदी भाषा घेणाऱ्यांसाठी त्या भाषांचा विभाग यात नाही.

उत्तरांचं नीट वाचा कारण सगळे हेच विचारतात. जुन्या पेपरांची उत्तरं परीक्षा परिषदेच्या अंतिम उत्तरसूचीप्रमाणे आहेत, आधी येते त्या अंतरिम सूचीप्रमाणे नाहीत, रद्द झालेल्या प्रश्नांपुढे फुली आहे. १० सराव पेपर आहेत, त्यांची उत्तरं शेवटी एकत्र, स्पष्टीकरण फक्त गणित आणि बालमानसशास्त्राला, बाकीच्यांना नुसता पर्याय क्रमांक. सराव पेपर ४ मध्ये गणिताची दोन उत्तरं छापताना चुकलीत, प्रकाशकाची शुद्धिपत्राची चिठ्ठी आत चिकटवलेली आहे, ती काढू नका. निगेटिव्ह मार्किंग नसतं तरी सराव पेपरात अंदाजाने मारलेल्या प्रश्नांवर खूण करायला वेगळा रकाना दिलाय, मला तो फार आवडला.

पानं सगळी आहेत, बाइंडिंग घट्ट. पेन्सिलने खुणा आहेत, त्या खोडता येतात. पहिल्या तीन सराव पेपरांवर मात्र पेनने गोल केलेत म्हणजे ते कोरे मिळणार नाहीत, बाकीचे सात कोरे आहेत. ओएमआरच्या कोऱ्या शीट शेवटी होत्या त्यातल्या चार उरल्यात, वापरण्याआधी झेरॉक्स काढून घ्या.

घेण्याआधी अनुक्रमणिका आणि उत्तरसूचीच्या पानांचे फोटो हवे असतील तर मेसेज करा, पाठवते. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ मागू नका प्लीज.