कुलरच्या पाच रील्स: शूटिंगची प्रत

ताई, बाबांचा कुलरवरचा लेख जवळजवळ तीन हजार शब्दांचा आहे. त्याचे नुसते पाच तुकडे पाडले असते तर पाचही वेळा बाबा कॅमेऱ्यासमोर उभे राहून तेच ते सांगत बसले असते. म्हणून प्रत्येक रीलमध्ये तक्रार वेगळी ठेवली आहे आणि बोलणारी माणसंही बदलत ठेवली आहेत. एकीत आलेली गोष्ट दुसरीत परत येणार नाही. लेखातला वीजबिलाचा हिशोब गाळला. तो समजायला कागद-पेन लागतो, चाळीस सेकंदांत माणूस आकडे ऐकतो आणि विसरतो. बाबा थोडे रुसले आहेत, तू समजाव.

मोबाइल उभाच धर. अक्षरं वरच्या अर्ध्यात टाक, खाली मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात. कुलर चालू असताना आवाज घेऊ नकोस, बोलणं नंतर वेगळं रेकॉर्ड करू.

१. दार लाव! (४५ सेकंद)

दृश्य: दुपार. आई धाडकन दार लावते.

आई: "दार लाव म्हटलं ना! सगळी थंडी बाहेर चालली!"

बाबा (कॅमेऱ्याकडे वळून): "हे वाक्य आपल्याकडं घरोघरी ऐकू येते. कुलर चालून राहिला, पण अंग चिकचिक करून राहिलं, तर कारण हेच. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याले बंद दार पाहिजे. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो. जेवढी आत आली तेवढी बाहेर जायला नको का? नाही गेली तर खोलीत दमटपणा साठते."

दृश्य: समोरच्या खिडकीचा पडदा, अगदी जवळून. खिडकी बंद, पडदा मेल्यासारखा. आईचा हात कडी काढतो. पडदा गजांकडे, बाहेरच्या बाजूला फुगतो.

बाबा (फक्त आवाज): "पडदा बाहेर फुगला की समजा, कुलर काम करून राहिला."

पडद्यावर: कुलरच्या समोरची खिडकी उघडी.

(पडद्याचा शॉट चार सेकंद तसाच सोड. संपूर्ण रील त्या शॉटसाठी आहे. आईला संवाद पाठ करायला लावू नकोस, ती तसंही रोज हेच ओरडते.)

२. आजीचा माठ (५० सेकंद)

दृश्य: स्वयंपाकघरातला माठ, बाहेरून पाझरलेला. आजी ओल्या मातीवरून बोट फिरवते.

आजी: "मे महिन्यात याचं पाणी दात कळवते. पावसाळ्यात याच माठाचं पाणी साधं लागते. माठ तोच, पाणी तेच. मंग बिघडलं काय?"

दृश्य: कुलरची ताटी, वरून पाण्याची धार उतरताना.

आजी: "पाणी वाळताना गरमी घेऊन जाते. माठातून पाझरलेलं वाळते, ताटीवरचंबी वाळते. नवतप्यात हवा कोरडी ठक्क, पाणी भराभर वाळते. जुलैत हवाच ओली. पाणी वाळणार कुठं?"

दृश्य: बाहेर पाऊस. आजी कुलरचं पंपाचं बटण बंद करते, पंखा सुरूच.

आजी: "म्हणून पाऊस लागला की पंप बंद. नुसता पंखा चालू द्या. कुलर दुरुस्तीवाल्याले पैसे देऊ नका."

(शेवटचं वाक्य बाबांना कापायचं होतं. मी ठेवलं. एक लिटर पाणी वाळताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता ओढून घेतं, हे बाबांचं लाडकं वाक्यही इथं नको. आजीच्या तोंडी ते खोटं वाटेल.)

३. प्लग (३५ सेकंद, संगीत नाही, विनोद नाही)

दृश्य: ओली फरशी, अनवाणी पाय, हातात बादली. पाय कुलरकडे जातात. कुलरच्या एक फूट आधी थांबतात.

आवाज (माझा): "थांबा. टाकीत पाणी टाकण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग चुकलं असेल तर बटण न्यूट्रलवर बसलेलं असतं, आणि बंद केलं तरी कुलरमध्ये करंट राहतो."

दृश्य: तीन पिनांचा प्लग. मग दुसरा, मधली जाड पिन तोडलेला.

आवाज: "ही जाड पिन अर्थिंगची. बोर्डात बसत नाही म्हणून ती तोडू नका. कुलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो कुलर आज बंद. करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात बसवून घ्या. आणि कोणी चिकटलं तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा."

पडद्यावर: आधी प्लग, मग पाणी.

(सगळं चित्रीकरण प्लग काढून. "चालू आहे असं दाखवायला" म्हणूनही प्लग लावायचा नाही. चिकटण्याचा अभिनय तर अजिबात नको.)

४. रविवार (२५ सेकंद)

दृश्य: भाचा टाकीत डोकावतो. टॉर्चच्या उजेडात पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या.

भाचा: "मामा, आपल्या कुलरमध्ये मासे हायेत!"

मी: "मासे नाही रे, डास आहेत. आठवडाभरात उडतील."

दृश्य: टाकी रिकामी. भाचा कडेची रेघ घासतो.

भाचा: "पाणी तर फेकलं, मंग घासून काऊन राहिलो?"

मी: "डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर भिंतीला चिकटतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी भरलं की फुटतात."

पडद्यावर: दर रविवारी रिकामी करा, घासा, वाळवा.

(अळ्या मिळाल्या नाहीत तर मागच्या गल्लीतला बंद कुलर आहे, मालकाला विचारून शूट कर. तिथं नक्की मिळतील, दुर्दैवाने.)

५. पांढरा थर (४० सेकंद)

दृश्य: जुनी ताटी उन्हात धरलेली. नखाने खरवडल्यावर पांढरी पूड पडते.

बाबा: "हा चुना नाही, बोअरचं पाणी आहे. पाणी उडून जाते, क्षार मागं राहते. ताटी बुजली की हवा शिरत नाही, मोटर मात्र ओरडत राहते."

दृश्य: तीन ताट्या शेजारी शेजारी: गवताची, वाळ्याची, हनीकोंबची.

बाबा: "गवत स्वस्त, दर उन्हाळ्याला बदला. वाळ्याले सुगंध आहे, पण तो काही दिवसांचा पाहुणा. हनीकोंब महाग, पण बरीच वर्षं टिकते, अट एकच: टाकीतलं जुनं पाणी काढत जा. नुसतं वरून भरत राहिले तर तेच मीठ घट्ट होत जाते."

(इथं बाबांना थोडं बोलू दे. ताट्यांचं त्यांना खरंच कळतं, हातात धरल्यावर तर चेहराच बदलतो. पाच सेकंद वाढले तरी चालतील.)

टाकायचा क्रम वरचा नाही. ३ सगळ्यात आधी, मार्चच्या शेवटी, लोक माळ्यावरून कुलर उतरवतात तेव्हा. त्याच आठवड्यात ५, कारण ताट्या तेव्हाच विकत घेतात. पहिली रील मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. ४ पहिला वळीव झाल्यावर. माठाची रील आत्ताच शूट करून ठेव, फक्त पावसाचा शॉट बाकी राहील, तो मी जूनमध्ये गच्चीवरून घेऊन पाठवतो.