साधनांची नोंदवही पहिल्या दिवसापासून : नव्या संशोधक विद्यार्थ्यांशी संवाद

मित्रहो,

तुमच्यापैकी बहुतेकांचे विषय अजून पक्के झालेले नाहीत, आणि नेमक्या याच कारणासाठी मी हे बोलणे पुढे न ढकलता आज करतो आहे. विषय ठरला, आराखडा मंजूर झाला, की मग संदर्भांची व्यवस्था लावू असे नव्या संशोधकाला वाटते. मलाही तसेच वाटले होते. परंतु विषय शोधताना तुम्ही जे चाळता, अर्धवट वाचता आणि बाजूला ठेवता, त्यातूनच पुढे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण उभे राहते. आणि ते लिहायची वेळ येते तेव्हा कोणता मुद्दा कुठे वाचला होता, तो आपल्याला कोणी सुचवला होता, आणि अमुक एक लेख आपण का नाकारला होता, हे सांगणारे मन तोवर साफ कोरे झालेले असते.

प्रथम एक गल्लत दूर करतो. संदर्भसूची आणि साधनांची नोंदवही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदर्भसूची वाचकासाठी असते आणि तिच्यात तुम्ही अखेरीस वापरलेलीच साधने येतात. नोंदवही तुमच्यासाठी असते. तिच्यात पाहिलेले सर्व काही येते, निरुपयोगी ठरलेलेही, आणि प्रत्येक साधनापर्यंत तुम्ही कोणत्या वाटेने पोहोचलात तेही येते. माझ्या मते ही वाटच नोंदवहीतली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे. लेखकाचे नाव, वर्ष, खंड, पृष्ठ हे तपशील खटपट केली तर पुन्हा मिळवता येतात. आपण स्वतः मूळ पान उघडून पाहिले होते की दुसऱ्या कोणाच्या तळटीपेवर विसंबलो होतो, हे मात्र नंतर कुठेही शोधून सापडत नाही.

ही वाट हरवली की काय होते, याचे एक उदाहरण विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पालकात लोह फार असते हा समज एकोणिसाव्या शतकात दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडल्यामुळे पसरला, ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. संशोधकांनी आधार तपासून घ्यावेत हे पटवण्यासाठी ती हमखास सांगितली जाते. ती पसरण्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९८१ साली आलेल्या टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या लेखाचा मोठा वाटा होता, आणि त्या लेखात या गोष्टीला कोणताही आधार दिलेला नव्हता. माइक सटन यांनी २०१० साली तिचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाची अशी चूक झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पुढे २०१४ साली ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी अशा विद्वत्तापूर्ण दंतकथा कशा जन्मतात यावर लिहिताना हेच उदाहरण घेतले. म्हणजे आधार तपासा असे बजावणारी कथाच आधाराविना तीन दशके फिरत राहिली. ती उद्धृत करणारे सगळे आळशी होते असे मी म्हणणार नाही. आधीच्या प्रतिष्ठित लेखकाने पाहिलेच असेल असे प्रत्येकाने धरले, आणि ‘मी स्वतः पाहिले का’ हा प्रश्न विचारणारा रकाना बहुधा कोणाच्याच वहीत नव्हता.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखक-मार्गदर्शिकेत संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक लेख दिलेला होता. तो लेख अस्तित्वात नाही, ते नियतकालिकही नाही. तरी शेकडो शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत तो आढळला. नमुन्यातली ओळ पुसायची राहून गेली, हे त्यातल्या पुष्कळ ठिकाणचे साधे कारण. प्रत्येक संदर्भामागे एक तारीख घातलेली नोंद असेल, तर जिच्यामागे नोंद नाही अशी ओळ अंतिम मसुद्यात लगेच उघडी पडते.

आता माझी स्वतःची चूक. प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी मी एक प्रकरण माझ्या मार्गदर्शकांना वाचायला दिले. त्यांनी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “हे वाक्य तुमचे आहे का?” मी हो म्हणालो, आणि खोटे बोलतो आहे असे मला मुळीच वाटत नव्हते. घरी जाऊन पहिल्या वर्षाच्या वह्या काढल्या. ते वाक्य एका वहीत माझ्याच अक्षरात होते, अवतरणचिन्हांशिवाय, पृष्ठांकाशिवाय, आणि त्याच्या आजूबाजूची वाक्ये खरोखरच माझी होती. मूळ ग्रंथ सापडायला नऊ दिवस लागले. ते वाक्य शब्दशः तिथले होते. मार्गदर्शकांनी विचारले नसते, तर ती उचलेगिरी माझ्या नावावर कायमची छापली गेली असती, आणि हेतू शुद्ध होता हे कोणालाही दाखवण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते.

तेव्हापासून मी टिपणांत तीन खुणा काटेकोरपणे पाळतो. शब्दशः उतारा घेतला तर लिहिता लिहिताच अवतरणचिन्हे आणि पृष्ठांक. स्वतःच्या शब्दांत सारांश असेल तर आरंभी ‘सा’. आणि माझा विचार असेल तर आरंभी ‘मी’. खुणा कोणत्या असाव्यात हे तुम्ही ठरवा, पण त्या लिहितानाच घातल्या पाहिजेत, कारण नंतर घातलेली खूण हा केवळ अंदाज असतो.

प्रत्यक्ष नोंद कशी दिसावी? वर उल्लेखलेल्या लेखाचीच नोंद मी माझ्या वहीत अशी केली असती :

“क्रमांक ०१४७. हॅम्ब्लिन, टी. जे.; ब्रिटिश मेडिकल जर्नल, खंड २८३, १९८१, पृ. १६७१ पासून. वाट : पालक आणि लोह यांवरील एका नव्या लेखाच्या तळटीपेतून. पाहिले : मूळ पानांची प्रतिमा, पूर्ण लेख वाचला. उपयोग : दशांशचिन्हाची गोष्ट इथे आहे, पण तिला संदर्भ दिलेला नाही, पुरावा म्हणून वापरू नये, दंतकथेच्या प्रवासातील टप्पा म्हणून वापरता येईल. फाइल : `0147.pdf`.”

शेवटी दिनांक घालावा. एवढे लिहायला दोन-तीन मिनिटे लागतात. क्रमांक एकदा दिला की तो बदलायचा नाही आणि साधन निरुपयोगी ठरले तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. टिपणांत, छायाप्रतींवर, संगणकावरील फाइलच्या नावात सगळीकडे तोच क्रमांक राहिला, तर लेखकाच्या नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले असूनही काही बिघडत नाही.

‘पाहिले’ या रकान्याबाबत मी हट्टी आहे. तिथे ‘मूळ’, ‘छायाप्रत’, ‘केवळ गोषवारा’ किंवा ‘दुसऱ्याच्या लेखातून’ यांपैकी जे खरे असेल तेच लिहा. केवळ गोषवारा वाचणे हा गुन्हा नव्हे. दोन वर्षांनी आपण पूर्ण लेख वाचला होता असे स्वतःलाच वाटू लागणे धोक्याचे. त्याचप्रमाणे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची नोंद वेगळी ठेवा, कारण सुधारित आवृत्तीत पृष्ठांक सरकतात आणि कधी लेखकाचे मतही बदललेले असते. प्रकाशनपूर्व मसुद्यांच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते : `arXiv` वरील लेखाच्या क्रमांकापुढे `v1`, `v2` असे असते, आणि जो निष्कर्ष तुम्ही पहिल्या रूपात वाचला तो तिसऱ्या रूपात गाळलेला असू शकतो.

संकेतस्थळावरचे पान हे तर वाळूवरचे अक्षर. पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक लिहाच, पण तेवढ्यावर थांबू नका; पानाची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि शक्य असेल तिथे Wayback Machine वर ते जतन करून तो पत्ताही नोंदवा. लेखाला डीओआय असेल तर तो, म्हणजे `10.` ने सुरू होणारा क्रमांक, उतरवून घ्या. प्रकाशकाचे संकेतस्थळ बदलले तरी सामान्यतः तो योग्य जागी पोहोचवतो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थी जवळजवळ नेहमी विसरतात, ती म्हणजे न सापडल्याची नोंद. अमुक विषयावर पूर्वी काम झालेले नाही, हे विधान प्रबंधात करणे फार सोपे असते आणि तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन करणे फार कठीण. म्हणून शोध घेताना कोणत्या सूचीत किंवा विदासंचात पाहिले, शोधपेटीत नेमके कोणते शब्द घातले, कोणत्या तारखेला, आणि किती निष्पत्ती आल्या, हे लिहून ठेवा. शब्द अगदी जसेच्या तसे, `"iron content" AND spinach` असे, चिन्हांसह. कारण अवतरणचिन्हे काढली की निष्पत्ती पार बदलते. तुमच्यापैकी जे आरोग्यविज्ञानात पद्धतशीर आढावा घेणार आहेत, त्यांच्यासाठी हे ऐच्छिक नाही : PRISMA ची २०२० ची मार्गदर्शक सूत्रे प्रत्येक विदासंचातील शोधाची पूर्ण रचना मांडायला सांगतात. हस्तलिखिते किंवा दप्तरे पाहणाऱ्यांनीही, जे पुडके उघडून रिकाम्या हाताने परतावे लागले त्याचा क्रमांक लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी तेच पुडके पुन्हा मागवले जाणार नाही.

वही कागदाची असावी की संगणकावरची, असे मला दरवर्षी विचारले जाते. निकलास लुहमान या समाजशास्त्रज्ञांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह हाताने उभा केला होता, तेव्हा कागदाला कमी लेखण्याचे कारण नाही. संगणकावर करायचे तर Zotero सारखी विनामूल्य प्रणाली लेखाचे तपशील आपोआप उचलते आणि नोंद केल्याचा दिनांकही घालते. मात्र तिने उचललेले तपशील मूळ पानाशी ताडून पाहा. लेखकाचे नाव आणि आडनाव उलटे पडणे, वर्ष म्हणून संकेतस्थळावर चढवल्याचे वर्ष येणे, हे नित्याचे आहे. आणि ‘वाट’ व ‘उपयोग’ हे रकाने कोणतीही प्रणाली तुमच्यासाठी भरू शकत नाही. साधा तक्ता पुरत असेल तर तोच वापरा. प्रणाली निवडण्यात महिना घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांच्या वहीत त्या महिन्याची एकही नोंद नव्हती. प्रत दोन ठिकाणी ठेवा, हे वेगळे सांगायला नको.

नोंद कधी करावी, याला एकच उत्तर आहे : पुस्तक मिटण्यापूर्वी. ‘संध्याकाळी एकदम करू’ म्हणून ठेवलेल्या आठ नोंदींपैकी तीन होतात. एखादा आठवडा सुटलाच, तर मागच्या तारखा घालून वही सजवू नका; सुटला असे लिहा आणि त्या दिवसापासून पुढे चला. मागाहून भरलेली वही ओळखू येते, कारण तिच्यात सगळ्याच साधनांचा उपयोग झालेला दिसतो.

आपल्या दर पंधरवड्याच्या भेटीत मी किती पाने लिहून झाली हे पहिले सहा महिने विचारणार नाही, वही मागेन. पुढच्या भेटीला प्रत्येकाने पहिल्या दहा नोंदी आणाव्यात. मी त्यांतली कोणतीही एक निवडेन आणि तुमच्या शेजारी बसलेल्या सहाध्यायाला, तुम्हाला काहीही न विचारता, केवळ त्या नोंदीच्या आधारे मूळ पानापर्यंत पोहोचायला सांगेन. त्यासाठी वीस मिनिटे मिळतील.